चार पाइल, एक कॅप आणि ७५ मिलिमीटर

मुंबईच्या खाडीकाठी मऊ चिखल खोलवर असतो, म्हणून खांबाचा भार पाइलांवरून खालच्या खडकापर्यंत न्यावा लागतो. एका खांबाखाली अनेकदा चार पाइल असतात. त्यांची डोकी जोडणारा काँक्रीटचा जाड ठोकळा म्हणजे पाइल कॅप.

पाइल ५०० मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि त्यांच्या केंद्रांमधलं अंतर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १५०० आहे असं धरू. कडेच्या पाइलबाहेर दोन्हीकडे १५० ठेवले की कॅप २.३ मीटर चौरस होते. जाडी ०.९ मीटर धरली, तर काँक्रीट ४.७६ घनमीटर लागेल. पाइलची डोकी कॅपमध्ये ५० मिलिमीटर घुसतात. ती वजा केली तरी आकडा ४.७२ वरच थांबतो. सांडलवंड धरून पाच घनमीटर मागवावं. खालचं पीसीसी वेगळं मोजायचं.

सळईचा हिशोब कव्हरपासून सुरू होतो. दोन्ही बाजूंचं ७५-७५ वजा केल्यावर २३०० चे २१५० उरतात. घाईत एकच बाजू वजा केली, तर सळई शटरिंगला टेकते आणि काही वर्षांनी तिथूनच गंज फुटतो. जाळी दर १५० वर असेल तर २१५० भागिले १५० म्हणजे १४.३. त्याचे पंधरा गाळे धरायचे आणि सळया एक जास्त, म्हणजे सोळा. दुसऱ्या दिशेलाही सोळाच.

खालच्या जाळीची सळई २० मिलिमीटरची, दोन्ही टोकांना वर वळवलेली. वरचं-खालचं कव्हर वजा जाता उभा पाय ७५० चा. २१५० अधिक दोन पाय म्हणजे ३६५०. प्रत्येक वळणाला सळईच्या व्यासाच्या दुप्पट वजा करण्याची पद्धत आहे, म्हणून कापायची लांबी ३५७०. दुसऱ्या दिशेची सळई पहिलीवर बसते, त्यामुळे तिचे पाय २० ने आखूड आणि लांबी ३५३०.

एकूण ११३.६ मीटर. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे मीटरचं वजन, म्हणजे २.४७ किलो, सगळं मिळून सुमारे २८१ किलो. पण बाजारात सळई १२ मीटरची मिळते. तिच्यातून तीनच तुकडे निघतात आणि सव्वा मीटरहून जास्त उरतं. म्हणजे अकरा सळया, ३२६ किलो. या उरलेल्या तुकड्यांच्या चेअर करून वरची जाळी त्यांवर पेलता येते. त्या जाळीचा आणि बाजूच्या रिंगांचा हिशोब याच रीतीने वेगळा करायचा.

फिटरने नकाशावरून आधीच सळया कापल्या की मात्र गोची होते. पाइल जमिनीत कधी कधी सरकलेले निघतात. एक बाहेर ७५ ने सरकला आणि डिझायनरने कॅप त्या बाजूला तेवढीच वाढवली, तर सळयांची संख्या सोळाच राहते, पण एका दिशेच्या सोळाही सळया ७५ ने आखूड पडतात. म्हणून पाइलची डोकी तोडून, केंद्रं मोजून झाल्यावरच कटिंग मशीन चालू करावं.