ग्राहक मिळवण्याचा खर्च: तिमाहीची सरासरी आणि ऑक्टोबरचा आकडा

नवउद्योगात पैसे घातलेल्या गुंतवणूकदारांना कंपनी दर महिन्याला किंवा तिमाहीला अहवाल पाठवते. त्यातल्या मार्केटिंगच्या भागात तीन प्रश्नांची उत्तरे हवीत: एक ग्राहक किती रुपयांना पडला, ते रुपये किती महिन्यांत वसूल होणार आणि ग्राहकसंख्या खरोखर किती वाढली.

पहिल्या उत्तराला या व्यवसायात ‘ब्लेंडेड कॅक’ म्हणतात. महिन्याचा मार्केटिंगचा सगळा खर्च भागिले त्या महिन्यातले सगळे नवे ग्राहक, असा हा साधा हिशेब आहे. खर्चात जाहिरातींबरोबर एजन्सीची फी, मार्केटिंगच्या माणसांचे पगार आणि पहिल्या खरेदीवरची सूटही धरावी लागते. ग्राहकांत जाहिरात पाहून आलेले आणि ओळखीतून आपणहून आलेले, असे दोन्ही येतात.

समजा, एक कंपनी मासिक वर्गणीवर घरपोच कॉफी पाठवते. माल, पॅकिंग, कुरिअर आणि पैसे भरण्याच्या सेवेचे शुल्क वजा जाता तिला एका ग्राहकामागे महिन्याला 200 रुपये उरतात. ऑक्टोबरमध्ये तिने 18 लाख, नोव्हेंबरमध्ये 12 लाख आणि डिसेंबरमध्ये 9 लाख रुपये खर्च केले. नवे ग्राहक दर महिन्याला 1200 आले. म्हणजे एक ग्राहक अनुक्रमे 1500, 1000 आणि 750 रुपयांना पडला. तिमाहीचा एकच आकडा काढला तर तो सुमारे 1083 रुपये येतो. हा आकडा खरा आहे, पण ऑक्टोबर त्यात बुडून जातो.

वसुलीच्या काळाला ‘पेबॅक’ म्हणतात. 1083 भागिले 200 केले की साडेपाच महिने येतात आणि अनेक अहवाल इथेच थांबतात. पण या भागाकारात सगळे ग्राहक टिकून राहतात असे धरलेले असते. पहिल्या महिन्यानंतर दरमहा 10 टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर एका ग्राहकामागे पहिल्या महिन्यात 200, दुसऱ्यात 180, तिसऱ्यात 162 रुपये मिळतात. या हिशेबाने डिसेंबरचे 750 रुपये पाचव्या महिन्यात वसूल होतात. ऑक्टोबरचे 1500 वसूल व्हायला चौदावा महिना उजाडतो. खर्च दुप्पट झाला, पण वसुलीचा काळ जवळजवळ तिपटीवर गेला.

ऑक्टोबरच्या 1200 ग्राहकांपैकी 300 आपणहून आले असतील, तर चित्र आणखी बदलते. सगळा खर्च जाहिरातीतून आलेल्या 900 जणांवर टाकला की प्रत्येकी 2000 रुपये पडतात. वरच्या गळतीच्या दराने एका ग्राहकाकडून मिळणारी रक्कम कितीही वर्षे मोजली तरी 2000 च्या आतच राहते. म्हणजे हे पैसे कधीच पुरते वसूल होत नाहीत. म्हणून ब्लेंडेड आकड्याशेजारी फक्त जाहिरातीतून आलेल्या ग्राहकांचा आकडाही द्यावा लागतो.

वाढ मोजताना गेलेले ग्राहक वजा करावेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 8000 ग्राहक असतील, तर 800 गेले, 1200 आले आणि निव्वळ वाढ 400 झाली. संख्या वाढते तशी गळतीही वाढते. त्यामुळे डिसेंबरमध्ये तितकेच नवे ग्राहक येऊनही वाढ 324 वर येते. सर्वात स्वस्त महिन्यातच वाढ सर्वात कमी झालेली असते.

पडता महिना मांडताना त्याचे कारण आकड्यांनी दाखवावे. दिवाळीच्या तोंडावर जाहिरातींचे दर चढले, असे कंपनी म्हणत असेल, तर जाहिरात हजार वेळा दाखवण्याचा दर वाढलेला दिसला पाहिजे आणि क्लिक करणाऱ्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले पाहिजे. ते प्रमाणच घसरले असेल, तर दिवाळीला बोल लावून भागत नाही. दोष किंमत, माल किंवा वेबसाइटमध्ये शोधावा लागतो.

दुसरी पळवाट व्याख्या बदलण्याची. अमेरिकेतील ग्रुपॉन कंपनीने जून 2011 मध्ये शेअर विक्रीसाठी कागदपत्रे दाखल केली, तेव्हा ऑनलाइन मार्केटिंगसह काही खर्च वगळून काढलेला नफा पुढे केला होता. त्या मोजणीने 2010 सालात सुमारे 6 कोटी डॉलर नफा दिसत होता. नेहमीच्या हिशेबाने कामकाजातला तोटा सुमारे 42 कोटी डॉलर होता. टीका झाल्यावर कंपनीने तो आकडा कागदपत्रांतून काढला.

म्हणून अहवालात मागचे 12 महिने एका तक्त्यात, एकाच व्याख्येने द्यावेत. व्याख्या बदलावीच लागली तर जुने महिनेही नव्या पद्धतीने मोजावेत. पडत्या महिन्याखाली त्याचे कारण, हातातली रोकड किती महिने पुरेल आणि खर्चात काय बदल केला, हे लिहावे. वरच्या कंपनीच्या बाबतीत ती ओळ अशी असेल: ऑक्टोबरमध्ये जाहिरातीतून आलेला ग्राहक 2000 रुपयांना पडला, ते परवडणारे नव्हते, म्हणून पुढच्या दोन महिन्यांत खर्च निम्म्यावर आणला.