हरवणारी कुठवर जाते, यावर कांस्य

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या ५७ किलो तायक्वांदो गटात ब्रिटनची जेड जोन्स अग्रमानांकित होती. लंडन आणि रिओ, दोन्हीकडचं सुवर्ण तिच्या नावावर होतं. पहिल्याच लढतीत निर्वासितांच्या संघातल्या किमिया अलीझादेने तिला १६-१२ असं हरवलं.

मानांकनाचा हेतू एवढाच, की तगडे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत. पहिला आणि दुसरा मानांकित सोडतीच्या दोन वेगळ्या अर्ध्या भागांत ठेवले जातात, म्हणजे त्यांची गाठ पडलीच तर अंतिम फेरीत. पण क्रमवारी गेल्या काही काळातल्या गुणांवर ठरते. इराण सोडून आलेल्या किमियाची खरी ताकद तिच्या क्रमांकात दिसत नव्हती.

हरल्यावरही जोन्सची आशा संपली नव्हती. तायक्वांदोत अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघींनी वाटेत ज्यांना हरवलं, त्यांना रेपेचाजमधून कांस्यपदकापर्यंत जाता येतं. किमियाने रिओत असंच कांस्य मिळवलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत तिला हरवणारी स्पेनची एवा काल्वो अंतिम फेरीत पोचली आणि किमियाला पुन्हा संधी मिळाली. साक्षी मलिकचं रिओतलं कुस्तीचं कांस्यही याच वाटेने आलं.

म्हणून टोकियोत जोन्सला आता किमियाच जिंकायला हवी होती. किमियाने उपांत्य फेरी गाठली, पण तिथे तात्याना मिनिनाकडून ती हरली. त्याच क्षणी जोन्सची वाटही बंद झाली. प्रतिस्पर्धी बलाढ्य होती म्हणून हरलो, की आपणच कमी पडलो, हे ठरवण्याची ही पद्धत समजण्यासारखी आहे. मात्र खेळाडूचं नशीब त्यात दुसऱ्याच्या हाती जातं.

ज्युदोचा नियम वेगळा, आणि अधिक न्याय्य वाटतो. तिथे आठ जणांना मानांकन मिळतं, बाकीच्यांची जागा चिठ्ठी ठरवते. उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चौघेही रेपेचाजमध्ये जातात, त्यांना हरवणारा पुढे काहीही करो. टोकियोतच फ्रान्सचा टेडी रिनर उपांत्यपूर्व फेरीत तामेरलान बशाएवकडून हरला. बशाएव उपांत्य फेरीत गारद झाला. तायक्वांदोच्या नियमाने रिनर घरी गेला असता. इथे त्याने आपल्याच अर्ध्या भागातल्या, उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या राफाएल सिल्वाला हरवलं. मग कांस्यासाठी त्याच्यासमोर दुसऱ्या अर्ध्या भागातून उपांत्य फेरीत हरलेला हारासावा आला. बाजू अशी बदलतात, म्हणून ज्याने हरवलं तोच कांस्यासाठी पुन्हा समोर येत नाही. रिनर जिंकला.

या नियमाची मर्यादाही टोकियोतच दिसली. ४८ किलो गटात भारताची सुशीलादेवी लिकमाबम पहिल्याच लढतीत लंडनच्या कांस्यविजेत्या एवा चेर्नोविच्कीकडून हरली. उपांत्यपूर्व फेरीआधीच हरल्यामुळे तिची स्पर्धा तिथेच संपली.