टनामागे युनिट मोजताना काय हुकते

महिनाअखेरीची बैठक. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी मध्यम फाउंड्री डोळ्यांपुढे आणा. विजेचे बिल टेबलावर येते, युनिटला टनाने भागले जाते आणि लगेच निवाडा होतो. गेल्या महिन्यात टनाला 1,050 युनिट लागली म्हणून मेंटेनन्सवाल्यांना बोलणी बसतात. त्याआधीच्या महिन्यात 840 लागली होती, तेव्हा शाबासकी मिळालेली असते. हा निवाडा अनेकदा नेमका उलटा असतो.

हिशोबासाठी एक नमुना फाउंड्री धरू. इंडक्शन भट्टीत लोखंड वितळवायला वीज लागते आणि ती वितळवलेल्या टनांबरोबर वाढते. पण भट्टीच्या थंड पाण्याचे पंप, काँप्रेसर, शेडमधले दिवे, ऑफिस, ट्रान्सफॉर्मरमधली घट या गोष्टी उत्पादन कमी झाले म्हणून तितक्या प्रमाणात कमी होत नाहीत. महिन्याला शंभर टन वितळवा की तीनशे, त्यांचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. टनामागे युनिट काढताना हा ठाम खर्चही टनांवर वाटला जातो. साहजिकच मंदीच्या महिन्यात आकडा फुगतो आणि ऑर्डरींच्या गर्दीत तो आपोआप उतरतो. कारखान्यातल्या कोणी काही चांगले किंवा वाईट केलेले नसले तरीही.

हे दोन खर्च वेगळे करायचे तर आलेख काढावा लागतो. आडव्या अक्षावर महिन्याचे उत्पादन, उभ्या अक्षावर त्याच महिन्याची युनिट. बारा महिन्यांचे बारा ठिपके पडतात, ते साधारण तिरप्या पट्ट्यात बसतात आणि त्यांच्यामधून एक सरळ रेषा जाते. ती नजरेने ओढायची नाही. प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत कमी येते ती निवडायची. हीच रिग्रेशन लाइन. एक्सेलमध्ये A स्तंभात टन आणि B स्तंभात युनिट भरली, की तीन सूत्रांत काम होते:

```
=SLOPE(B2:B13,A2:A13)
=INTERCEPT(B2:B13,A2:A13)
=RSQ(B2:B13,A2:A13)
```

आपल्या नमुना फाउंड्रीत पहिले उत्तर 600 आले आणि दुसरे 60,000. म्हणजे महिन्याची युनिट = 60,000 + 600 × टन. पुढच्या प्रत्येक टनाला 600 युनिट लागतात आणि उत्पादनाशी संबंध नसलेली 60,000 युनिट दर महिन्याला जातात. लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला निव्वळ उष्णता म्हणून टनाला साधारण 400 युनिट लागतात. भट्टीतली घट आणि वाळू, मोल्डिंगची यंत्रे त्यात धरली तर 600 पटण्यासारखा आकडा आहे.

आता बैठकीतले दोन महिने पुन्हा पाहू. शाबासकीच्या महिन्यात 300 टन झाले आणि 2,52,000 युनिट लागली. रेषेच्या हिशोबाने 2,40,000 पुरायला हवी होती, म्हणजे 12,000 युनिट जास्त गेली. बोलणी बसली त्या महिन्यात फक्त 120 टन झाले आणि 1,26,000 युनिट लागली. रेषा 1,32,000 सांगते, म्हणजे 6,000 युनिट वाचली होती. दोष शोधायचा होता तो पहिल्या महिन्यात.

मालकाने 'टनाला 700 युनिट' असे फर्मान काढले तर काय होते, तेही रेषेवरूनच कळते. महिन्याला 600 टन झाले तरच 60,000 चा वाटा टनामागे 100 वर येईल आणि एकूण आकडा 700 होईल. ज्या कारखान्याची कमाल मजल 300 टनांची आहे, त्याला हे लक्ष्य देऊन उपयोग नाही. दोन-तीन महिन्यांत सगळे त्याकडे काणाडोळा करू लागतात.

मग झेपेल असे लक्ष्य कोणते? रिग्रेशन लाइन ही गेल्या वर्षाची सरासरी वागणूक आहे, त्यात निष्काळजीपणाचे महिनेही आले. म्हणून रेषेच्या खाली पडलेले महिने वेगळे काढून त्यांची दुसरी रेषा काढतात. समजा ती 54,000 + 585 × टन अशी आली. 250 टनांच्या महिन्याला पहिली रेषा 2,10,000 युनिट देते आणि दुसरी 2,00,250. फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास. हा आकडा याच भट्टीने, याच माणसांनी गाठून दाखवलेला आहे, त्यामुळे 'हे जमणारच नाही' असे कोणाला म्हणता येत नाही. मात्र असे महिने चार-पाच तरी हवेत. एकाच भाग्यवान महिन्यावर बेंचमार्क उभा करू नये.

60,000 वर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये. तीस दिवसांच्या चोवीस तासांत वाटले तर ते सतत चालणारे सुमारे 83 किलोवॉट होतात. कारखाना पूर्ण बंद असताना, दिवाळीत किंवा साप्ताहिक सुट्टीला, मुख्य मीटरचे तासाचे वाचन घ्या. तेव्हाही 40 किलोवॉट जात असतील, तर कोण खाते ते शोधायचे. कित्येकदा गळक्या हवेच्या लाइनींसाठी चालू राहिलेला काँप्रेसरच सापडतो. उरलेला भाग शिफ्ट चालू असताना उत्पादन कमी असो वा जास्त, सुरूच राहणाऱ्या यंत्रांचा असतो. रस तयार आहे पण साचे तयार नाहीत म्हणून भट्टी नुसती गरम धरून ठेवली, तर ती वीजही बऱ्याच अंशी इथेच येते.

रेषा बिघडते ती बहुधा आकड्यांच्या जुळणीत. उत्पादन एक तारखेपासून मोजले आणि मीटरचे वाचन तीन दिवस उशिरा झाले, तर दिवसाला 8,000 प्रमाणे 24,000 युनिट चुकीच्या महिन्यात जातात. आपण शोधत असलेल्या फरकाच्या दुपटीहून अधिक! म्हणून महिन्याच्या शेवटच्या शिफ्टला आपणच वाचन लिहून ठेवावे. महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर होते. त्यात पॉवर फॅक्टरचा परिणाम मिसळतो, तेव्हा रेषेसाठी केडब्ल्यूएचच घ्यावेत. छतावरच्या सोलरची कारखान्यात वापरलेली युनिटही मिळवावीत, नाहीतर उन्हाळ्यात फुकटची बचत दिसते. टन वितळवलेल्या रसाचे घ्यायचे की चांगल्या कास्टिंगचे, हेही आधी ठरवावे. कास्टिंगचे घेतले तर रिजेक्शनची वीजही रेषेत येते, रसाचे घेतले तर ती लपते.

तिसऱ्या सूत्राचे उत्तर 0.9 च्या पुढे असेल, तर युनिटच्या चढउताराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उत्पादनाने उलगडतो. ते 0.4 आले तर तिसरे काहीतरी आहे: मालाचा प्रकार बदलला, नोंदी चुकल्या, किंवा उत्पादन वर्षभर इतके एकसारखे होते की रेषेला पकडच मिळाली नाही. ठाम खर्च उणे आला, तर आकडे पुन्हा तपासायचे. आणि ज्या कारखान्याने 120 ते 300 टनांतच काम केले, त्याच्या रेषेवरून 450 टनांचे भाकीत करायचे नाही.

रेषा तयार झाली की दर महिन्याचा फरक, प्रत्यक्ष वजा अपेक्षित, मागच्या बेरजेत मिळवत जायचे. सारे सुरळीत असेल तर बेरीज शून्याभोवती हेलकावते. हवेची गळती बंद केल्यावर ती दर महिन्याला 4,000 ने उतरू लागली, तर बचत खरी आहे. एखाद्या महिन्यापासून ती सारखी चढू लागली, तर त्या महिन्याची लॉगशीट उघडायची: अस्तर बदलले का, भंगार ओले आले का, भट्टी थांबून राहिली का. कारण रेषा सांगत नाही, पण कोणत्या महिन्यापासून शोधायचे ते सांगते. नवी भट्टी बसली की मात्र नवी रेषा काढावी. जुनी जपून ठेवावी, कारण नव्या भट्टीने किती वाचवले याचा हिशोब तिच्याशीच ताडून द्यावा लागतो.