बँकेत भरलेले पैसे सुटीनंतरच का जमा होतात?

माल विकून आलेली रक्कम आपण शुक्रवारी सायंकाळी बँकेत देतो आणि मंगळवारी चौकशी केली तर ती सोमवारी रात्री जमा झाल्याचे कळते. मधले तीन दिवस पैसे कोठे होते, असा प्रश्न साहजिकच पडतो. पीककर्जाची मुदत जवळ आली असेल, तर या तीन दिवसांची किंमत बरीच मोठी होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. एका कांदा उत्पादकाने दीड लाख रुपये पीककर्ज घेतले आहे. परतफेडीची मुदत १५ तारखेस, सोमवारी संपते. व्यापाऱ्याने दिलेला दुसऱ्या बँकेचा धनादेश त्याने शुक्रवारी, १२ तारखेस सायंकाळी पाच वाजता आपल्या शाखेतील धनादेश पेटीत टाकला. पैसे बचत खात्यात आले की कर्ज असलेल्या बँकेत पाठवायचे, असा त्याचा बेत होता.

पेटीत टाकलेला धनादेश म्हणजे जमा झालेले पैसे नव्हेत. आपल्या बँकेला ती रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेकडून मिळवावी लागते. त्यासाठी धनादेशाचे छायाचित्र संगणकाद्वारे समाशोधन केंद्राकडे, म्हणजे क्लिअरिंगला जाते. व्यापाऱ्याची बँक सही आणि शिल्लक पाहून होकार देते. मग दोन्ही बँकांचा हिशेब रिझर्व्ह बँकेतील त्यांच्या खात्यांवर मिटतो आणि त्यानंतरच आपल्या खात्यात नोंद होते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात ही छायाचित्रे सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत पाठवायची व समोरच्या बँकेने सायंकाळी ७ पर्यंत उत्तर द्यायचे, असे ठरले. हे काम फक्त कामकाजाच्या दिवशी चालते. पाच वाजता टाकलेल्या धनादेशाची त्या दिवशीची वेळ टळलेली होती. १३ तारखेस दुसरा शनिवार होता. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी २०१५ च्या सप्टेंबरपासून बँका बंद असतात. १४ तारखेस रविवार. म्हणून धनादेश क्लिअरिंगला गेला तो सोमवारी, आणि रक्कम जमा झाली सायंकाळी सातनंतर. तोपर्यंत शाखा बंद झाली होती. मंगळवारी त्याने पैसे पाठविण्याची स्लिप भरली, पण मुदत एक दिवसाने हुकली होती. वेळेवर फेड करणाऱ्यास केंद्र शासनाकडून मिळणारी ३ टक्के व्याजसवलत गेली. दीड लाखावर वर्षाचे हे ४,५०० रुपये होतात.

आता कोणी म्हणेल, एनईएफटी तर चोवीस तास चालते. ते खरे आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस सुटीच्या दिवशीही चालू असते. एनईएफटीचा हिशेब दर अर्ध्या तासाने मिटविला जातो. परंतु चोवीस तास चालते ती यंत्रणा, शाखा नव्हे. आपण खिडकीवर दिलेली स्लिप कर्मचाऱ्याने संगणकात भरल्यावरच रक्कम निघते. शाखेची स्वीकारण्याची वेळ संपल्यावर दिलेली स्लिप दुसऱ्या कामकाजाच्या दिवसावर जाते. मोबाइलवरून स्वतः पाठविलेली रक्कम मात्र रविवारीही निघते. या शेतकऱ्याकडे मोबाइल बँकिंग असते, तर सोमवारी रात्री रक्कम जमा होताच ती पाठविता आली असती. तरीही शेवटच्या काही तासांवर विसंबणे धोक्याचेच.

रक्कम खरोखर निघाली की नाही, हे कसे ओळखावे? स्लिपवरील शिक्का म्हणजे फक्त कागद मिळाल्याची पोच होय. रक्कम निघाली की तिला यूटीआर क्रमांक पडतो. तो शाखेतून मागून घ्यावा. एनईएफटीचा हिशेब मिटल्यापासून दोन तासांत रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली पाहिजे. न झाल्यास हा क्रमांक दाखवून तक्रार करावी.

कर्जफेडीसाठी धनादेशावर अवलंबून असाल, तर मुदतीच्या तारखेपासून मागे मोजावे. मधले रविवार, दुसरा व चौथा शनिवार आणि सणाच्या सुट्या वगळून किमान तीन कामकाजाचे दिवस हाती ठेवावेत. धनादेश सकाळीच द्यावा. मोबाइलवरून पाठवायचे असल्यास कर्जखात्याचा क्रमांक आठवडाभर आधी नोंदवून ठेवावा, कारण नव्या नोंदलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देण्याचा नियम अनेक बँकांत असतो. शेवटी, कर्जखात्याचा उतारा घेऊन जमा तारीख पाहावी. व्याजसवलतीसाठी बँक धरते ती हीच तारीख. आपण पेटीत धनादेश टाकला तो दिवस नव्हे.