केकचा तुकडा कितीला विकायचा?

शाळेच्या आनंद मेळाव्यात घरच्या केकचा भाव बहुधा अंदाजानेच ठरतो. शेजारच्या टेबलावर भेळ वीस रुपयांना असते, म्हणून केकही वीस रुपयांना. संध्याकाळी डबा रिकामा होतो, हातात नोटा असतात आणि नफा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा घातलेले पैसेही निघालेले नसतात. सामान महागलं किंवा गॅस फार जळला, असं त्याचं कारण सांगितलं जातं. माझ्या मते खरी चूक भागाकारात असते. खर्चाला आपण कापलेल्या तुकड्यांनी भागतो. भागायला हवं विकल्या जाणाऱ्या तुकड्यांनी.

चार अंड्यांचा साधा व्हॅनिला केक घेऊ. पाव किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, दोनशे ग्रॅम लोणी, शंभर मिली दूध, थोडी बेकिंग पावडर आणि इसेन्स. एवढ्यात आठ इंची गोल डब्याचा केक होतो. मैदा आणि साखर मिळून 22 रुपये, अंडी 28, दूध 7, पावडर-इसेन्स 5 आणि लोणी 120 धरलं, तर सामान 182 रुपयांचं झालं. भाव गावागणिक बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. आता गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो साडेआठशेला पडला असेल, तर किलोला साधारण साठ रुपये होतात. पातेल्यात मीठ आणि स्टँड ठेवून केक भाजताना लहान बर्नर पातेलं तापवण्यापासून तासभर चालतो आणि सतत मोठा ठेवला तरी शंभर ग्रॅमच्या आसपासच गॅस जळतो. म्हणजे सहा रुपये. गॅसचा हिशेब धरायलाच हवा, पण गॅसमुळे केक महाग होत नाही. तो लोण्यामुळे होतो. बटर पेपरचे चार रुपये आणि बारा कागदी प्लेटांचे प्रत्येकी दीड रुपया धरले की एकूण खर्च 210 रुपये.

बारा तुकडे केले तर एक साडेसतरा रुपयांना पडतो, म्हणून वीस रुपये भाव सुरक्षित वाटतो. पण बाराच्या बारा तुकडे क्वचितच विकले जातात. एखादा चव बघण्यात जातो, एखादा कापताना ढासळतो. केक गरम असताना कापला, तर तो सुरीला चिकटतो आणि चुरा पडतो. रात्री भाजून, पूर्ण गार झाल्यावर सकाळी दातेरी सुरीने कापला, तर नुकसान कमी होतं, तरी दोन तुकडे वजा धरणंच शहाणपणाचं. मग वीस रुपयांनी दहा तुकड्यांचे 200 येतात आणि दहा रुपयांची खोट बसते. भाव पंचवीस ठेवला तर नवव्या तुकड्यालाच 225 जमतात.

यावर पहिला आक्षेप असा की साखर, मैदा घरात होतेच, त्यांचे पैसे कशाला धरायचे? आनंदाने दान द्यायचं असेल तर जरूर द्यावं, पण त्याला मुलांची कमाई म्हणू नये. विक्रीतून खर्च वजा करायला शिकावं यासाठीच तर मुलांना दुकान मांडायला लावतात. करणाऱ्याचे कष्ट मी इथे मुद्दाम धरलेले नाहीत. ते शाळेला दिलेले आहेत आणि तसंच म्हणावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांच्या खिशात दहाची नोट असते, ती पंचवीस रुपये कुठून देणार? म्हणून तुकडे अर्धे करून चोवीस केले आणि भाव दहा ठेवला, तरी प्लेटा वाढून खर्च 228 होतो आणि बावीस तुकड्यांचे 220 च येतात. नुसता तुकडा लहान करून भागत नाही, कृतीच बदलावी लागते. लोण्याऐवजी दीडशे मिली बिनवासाचं तेल घ्यावं, दूध दोन-तीन चमचे वाढवावं आणि अंडी-साखर फुलेपर्यंत भरपूर फेटावी. केक मऊ होतो, लोण्याची चव मात्र जाते. पण खर्च 130 च्या आसपास येतो आणि दहा रुपयांनी बावीस तुकडे विकून नव्वद रुपये शाळेच्या निधीत पडतात. लहान मुलांच्या मेळाव्यात मी हाच केक निवडेन.

लोण्याचाच केक करायचा असेल, तर दुपारनंतर गिऱ्हाईक ओसरलं की भाव उतरवण्याचा मोह होतो. तेव्हा डब्यात किती उरले ते बघू नका, किती विकले गेले ते मोजा. नऊ तुकड्यांचे पैसे हातात आले की उरलेले दहा रुपयांना खुशाल द्या. त्याआधी पंचवीसच्या खाली येऊ नका.