दहा शेतं कुठली निवडायची?

संशोधन पद्धतीच्या वर्गात नमुना निवडीची स्लाइड आली की पडद्यावर एक वंशावळ दिसते. वर दोन फांद्या: संभाव्यतेवर आधारलेली निवड आणि नसलेली. पहिलीखाली साधी यादृच्छिक, पद्धतशीर, स्तरित, समूह, बहुस्तरीय. दुसरीखाली सोयीची, हेतुपूर्वक, कोटा, साखळी. पुढच्या स्लाइडवर झुकावांची यादी. मुलं ती उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, आणि प्रकल्पाची वेळ आली की ओळखीच्या पन्नास जणांना गूगल फॉर्म पाठवून मोकळी होतात. त्यांना दोष देता येत नाही. स्लाइड नावं सांगते, पण हातात खरं काम असताना कुठून सुरुवात करायची हे सांगत नाही.

ते पीक कापणी प्रयोगातून नीट कळतं. पीक विम्याची भरपाई ज्या सरासरी उत्पादनावर ठरते ते या प्रयोगांतून निघतं. त्यामुळे आपल्याकडे गावोगावचा शेतकरी या विषयावर हिरिरीने बोलतो. त्याची तक्रार बहुधा एकच असते: ‘माझं शेत पार गेलं, आणि मंडळाची सरासरी चांगली कशी आली?’

या तक्रारीतच नमुना आराखड्याचा पहिला प्रश्न आहे. निर्णय कोणाबद्दल घ्यायचा आहे? मंडळाबद्दल असेल तर नमुन्याने मंडळाबद्दलच बोलावं. एकेका शेताबद्दल बोलण्याची त्याची ऐपत नसते. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रमुख पिकासाठी महसूल मंडळात किमान १० प्रयोग, तालुका हे एकक असेल तर १६, जिल्हा असेल तर २४ आणि ग्रामपंचायत असेल तर ४, असं गणित दिलं आहे. जिल्हा मंडळाच्या कितीतरी पट मोठा, तरी प्रयोग अडीच पटसुद्धा नाहीत. ही चूक नव्हे. नमुना किती मोठा हवा हे क्षेत्र किती पसरलंय यापेक्षा शेताशेतात किती फरक आहे यावर ठरतं.

दुसरा प्रश्न यादीचा. चिठ्ठी टाकायची तर आधी सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर हवीत. मंडळात सोयाबीन असलेल्या सगळ्या शेतांची यादी हवी, ती पीक पाहणीतून येते. नोंद झाली नसेल तर ते शेत चिठ्ठीतच नाही, मग पुढची निवड कितीही काटेकोर असो. शिवाय मंडळातल्या हजारो शेतांतून एकदम दहा काढली तर ती कुठेही विखुरतील, आणि कापणीच्या नेमक्या दिवशी कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक तिथे हजर राहणार कसे? म्हणून निवड पायऱ्यापायऱ्यांनी होते: मंडळातून गावं, गावातून शेतं, शेतातून एक छोटा तुकडा. स्लाइडवर ‘स्तरित’ आणि ‘बहुस्तरीय’ हे वेगवेगळे पर्याय म्हणून मांडलेले असतात. प्रत्यक्षात ते एकमेकांवर रचले जातात. ‘यांपैकी कोणती पद्धत?’ हा प्रश्नच मुळात फसवा आहे.

गावात शेत निवडताना शेवटच्या गट नंबरापर्यंतच्या आकड्यांतून एक यादृच्छिक आकडा काढतात. त्या गटात सोयाबीन नसेल तर सोयाबीन असलेला पुढचा गट घेतात. हे सोयीचं आहे, पण एक बारीक खोच आहे. ज्या शेताआधी ओळीने आठ-दहा गट कपाशीचे असतील त्याला निवडलं जाण्याची संधी इतरांच्या कितीतरी पट मिळते. सोयाबीनच्याच गटांची आधी वेगळी यादी करून तीतून आकडा काढला तर हा दोष उरत नाही.

मग शेतातला तुकडा. बऱ्याच पिकांसाठी तो १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असतो. समजा शेत ९६ मीटर लांब, ४५ मीटर रुंद आहे. लांबीतून १० आणि रुंदीतून ५ वजा केले की उरतात ८६ आणि ४०. या मर्यादेतले दोन यादृच्छिक आकडे काढायचे. समजा ६१ आणि ७ आले. नैऋत्य कोपऱ्यातून लांबीच्या बाजूने ६१ मीटर, तिथून आत ७ मीटर, आणि तिथे पहिली खुंटी. खुंटी खडकाळ जागी पडो की पाणी साचलेल्या खळग्यात, ती हलवायची नाही. ‘इथलं पीक शेताचं प्रतिनिधी वाटत नाही’ म्हणून चार पावलं सरकली की प्रयोग संपला. मग आपण शेत मोजत नाही, स्वतःची समजूत मोजतो.

ही ताठर शिस्त उगाच आलेली नाही. त्याआधी सगळा कारभार नजरेवर चालायचा, आणि नजर आणेवारी व पैसेवारी हे शब्द अजून आपल्या तोंडी आहेत. १९२० च्या दशकात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे छोटे त्रिकोणी तुकडे यादृच्छिक जागी कापून उत्पादन काढलं. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांनी लहान वर्तुळाकार तुकड्यांचा पुरस्कार केला: कापणी झटपट, खर्च कमी, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त ठिकाणी जाता येतं. तर्क बिनतोड वाटतो. त्याला आव्हान दिलं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. साताऱ्यातल्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होता. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की लहान तुकड्यांतून निघणारं उत्पादन पद्धतशीरपणे फुगलेलं येतं.

का फुगतं, हे शेताच्या कडेला उभं राहिलं की दिसतं. दोरीवरच एक रोप आहे. आत धरायचं की बाहेर? नियम असा, की बूड निम्म्याहून जास्त आत असेल तर आत. पण कापणारा माणूस हात आखडता घेत नाही. डोलणारी ओंबी त्याच्या मुठीत येतेच. ही चूक कडेवर होते, म्हणून क्षेत्राच्या मानाने कड जितकी लांब तितका दोष मोठा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे एक फूट कड येते. सुखात्मे यांना पसंत असलेल्या ३३ बाय साडेसोळा फुटांच्या, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाच्या तुकड्यात ती ०.१८ फूट, पाचवा हिस्सासुद्धा नाही. समजा चारी बाजूंनी एकच इंच जास्त कापलं गेलं. वर्तुळाचं उत्पादन साडेआठ टक्क्यांनी वाढतं, मोठ्या तुकड्याचं दीड टक्क्याने. आजचा १० बाय ५ मीटरचा तुकडा जवळपास त्याच मापाचा आहे.

संख्या वाढवण्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे मोडतो. हजार छोटी वर्तुळं कापली तरी ते साडेआठ टक्के जात नाहीत. उलट आकडा आणखी ठाम दिसू लागतो, आणि चुकीचाच राहतो. योगायोगाने होणारी चूक नमुना वाढवला की आटते, झुकाव आटत नाही. महालनोबिसांची बाजू पूर्ण चुकीची होती असं मला वाटत नाही. कसलेला चमू आणि काटेकोर उपकरण असेल तर लहान तुकडाही चालू शकतो. पण राज्यभर हजारो प्रयोग नेहमीच्या कर्मचाऱ्यांनीच करायचे असतील, तर आराखडा त्यांच्या चुका गृहीत धरूनच आखला पाहिजे.

आता तिसरा प्रश्न: फरक कुठे आहे? समजा मंडळात सोयाबीनची खरी सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि शेतांचं प्रमाण विचलन ४ क्विंटल. दहा वेगवेगळ्या गावांतून एकेक शेत घेतलं तर सरासरीची प्रमाण त्रुटी ४ भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.३ क्विंटल. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरायची. अंदाज साडेनऊ ते साडेचौदाच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. आता तेच दहा प्रयोग पाच गावांत दोन-दोन करू. एका गावातली शेतं बरीच सारखी असतात. पाऊस तोच, पेरणीची तारीख जवळपास तीच. एकूण फरकातला निम्मा गावागावांतला असेल, तर दहा प्रयोगांचं बळ जेमतेम सात प्रयोगांइतकं उरतं आणि त्रुटी १.५ च्या पुढे जाते. फेऱ्या वाचतात, माहिती घटते. म्हणून गावागावांत फरक जास्त असेल तर गावं वाढवा, गावातली शेतं नकोत. गावं सारखीच आणि फरक शेताशेतात असेल तर एका गावात चार शेतं केली तरी फारसं बिघडत नाही.

फरकाचं कारण आधीच माहीत असेल तर आणखी स्वस्त उपाय आहे. भारी काळी जमीन आणि मुरमाड जमीन यांच्या वेगळ्या याद्या करून दोन्हींतून शेतं काढायची, आणि शेवटी दोन्ही सरासऱ्यांना क्षेत्राप्रमाणे वजन द्यायचं. दहाच्या दहा चिठ्ठ्या काळ्या जमिनीच्या निघाल्या, असा अपघात मग होत नाही. मात्र जमिनीचा प्रकार यादीत आधी नोंदलेला हवा. शेतावर गेल्यावर कळून उपयोग नाही.

या हिशेबात आकडे समजा म्हणूनच घेतले आहेत, पण वाद त्यांतूनच समजतो. भरपाई ज्या खाली गेलं की सुरू होते ते उंबरठा उत्पादन ११ क्विंटल असेल आणि मंडळाचा अंदाज ११.४ आला, तर ‘नुकसान झालं नाही’ असं नमुना ठामपणे म्हणू शकत नाही. कागद मात्र म्हणतो. ‘मग गावनिहाय करा’ ही मागणी न्यायाची आहे, पण फुकट नाही. वरच्याच आकड्यांत एका गावात चार प्रयोग केले तर त्रुटी १.४ च्या आसपास येते, म्हणजे मंडळाच्या अंदाजाइतकीच. पण पंचवीस गावांचं मंडळ असेल तर दहाऐवजी शंभर प्रयोग, तेही कापणीच्या त्याच पंधरवड्यात. घाई झाली की झुकाव मागच्या दाराने येतो: रस्त्यालगतचं शेत, गाडी जाते ते शेत, मालक घरी आहे ते शेत. लवकर पिकलेली शेतं अधिकारी पोचेपर्यंत कापून झालेली असतात. तिथे उशिराच्या वाणांचं शेत बदली म्हणून घेतलं तर सरासरी कुठल्या वाणाची हे कोणी सांगू शकत नाही. हे ओळखण्याची साधी युक्ती आहे. मूळ चिठ्ठीत निघालेली किती शेतं प्रत्यक्ष कापली गेली आणि किती बदलली, हा आकडा मागायचा. दहापैकी चार बदललेली असतील तर सरासरीकडे नंतर पाहू.

आणि चिठ्ठीच नको असेही प्रसंग असतात. पिवळा मोझॅक नेमका कुठून पसरला, कोणत्या वाणावर जास्त आला, हे शोधायचं असेल तर सरळ सगळ्यात वाईट शेतांवर जावं, शेजारचं तगलेलं शेतही पाहावं. ही हेतुपूर्वक निवड आहे आणि ती इथे योग्य आहे. त्या भेटींवरून ‘मंडळात इतके टक्के नुकसान’ असं मात्र लिहू नये. त्यासाठी ६१ मीटर आणि ७ मीटर चालावंच लागतं.