उरलेले नऊ हजार कुठे गेले?

भाचीला नाशिकमध्ये पहिली नोकरी लागली आणि तिने पोस्टात आरडी काढायचं ठरवलं. त्याच सुमारास मी एका पतसंस्थेच्या बचतवर्गासाठी इन्स्टाग्रामवर टाकायची कॅरोसेल करत होतो, म्हणजे बोटाने डावीकडे सरकवत एकामागून एक बघायच्या आठ-दहा स्लाइडची मालिका. विषय तोच होता, पोस्टाची आवर्ती ठेव. कच्चा मसुदा मी तिच्या हातात दिला. तिसऱ्या स्लाइडवर तिचं बोट थांबलं.

‘मामा, महिना हजार म्हणजे पाच वर्षांत साठ हजार. दर ६.७ टक्के. म्हणजे पाच वर्षांचे झाले साडेतेहेतीस टक्के, वीस हजार व्याज. तू तर अकराच लिहिलेयत. उरलेले नऊ हजार कुठे गेले?’

माझी स्लाइड बरोबर होती. मुदत संपल्यावर हातात ७१,३६६ रुपये येतात, त्यातलं व्याज ११,३६६. पण तिचा हिशेबही पहिल्यांदा पैसे गुंतवणारा कुणीही करील असाच होता. त्यात चूक एकच: साठ हजार पाच वर्षं पोस्टात नसतात. पहिल्या महिन्याचे हजार साठ महिने राहतात, शेवटच्या महिन्याचे जेमतेम एक. माझ्या स्लाइडवर मात्र कुंडीतलं रोप दर वर्षी वाढताना दिसत होतं आणि शेवटी त्याला नाणी लागली होती. बचतीच्या जाहिरातीतलं ते रोप बघून मी स्वतः वैतागतो, आणि तरीही तेच काढून बसलो होतो.

मग रोप उपटून टाकलं आणि एकेका हप्त्याचा प्रवास दाखवायचं ठरवलं. सहा हप्ते निवडले: पहिला, तेरावा, पंचविसावा, सदतिसावा, एकोणपन्नासावा आणि साठावा. व्याज तिमाही चक्रवाढीने धरलं, तर मुदतीअखेर पहिल्या हजाराचे १,३९४ होतात. तेराव्याचे १,३०४, पंचविसाव्याचे १,२२१, सदतिसाव्याचे १,१४२, एकोणपन्नासाव्याचे १,०६९. साठाव्याला साडेपाच रुपयांच्या आसपास व्याज मिळतं.

आता याचं चित्र काढायचं कसं? रकमेएवढ्या लांबीच्या पट्ट्या काढल्या, तर १,३९४ आणि १,००६ यांत डोळ्याला फारसा फरक दिसेना. बघणाऱ्याला वाटावं, सगळे हप्ते सारखेच. मग पट्ट्या हजारापासून सुरू केल्या, नुसतं व्याज दिसावं म्हणून. आता पहिली पट्टी शेवटचीच्या सत्तरपट लांब झाली आणि पहिला हप्ता म्हणजे लॉटरीच वाटू लागला. पहिलं चित्र काहीच सांगत नव्हतं आणि दुसरं फार सांगत होतं. शेवटी लांबी पैशांची ठेवलीच नाही, महिन्यांची ठेवली. साठ महिन्यांची पट्टी, खाली अठ्ठेचाळीसची, छत्तीसची, चोवीसची, बाराची आणि सगळ्यात खाली एक ठिपका. सगळ्यांचा उजवा शेवट मुदत संपण्याच्या एकाच रेषेला टेकलेला, आणि तिथे रुपयांचा आकडा. जिन्यासारखं चित्र झालं. भाचीने ते दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, ‘अच्छा, उशिरा गेलेले पैसे कमी दिवस बसतात.’ मी चार ओळींचा मजकूर लिहून ठेवला होता, तो काढून टाकला.

क्रम लावताना दुसरा घोळ झाला. पैसे मध्येच काढायचे झाले तर काय, ही स्लाइड मी नेहमीच्या सवयीने शेवटून दुसरी ठेवली होती. तिथपर्यंत सगळे पोचत नाहीत. शिवाय इन्स्टाग्रामची एक खोड आहे: पहिली स्लाइड पाहून कुणी पुढे न सरकवता निघून गेलं, तर पुढच्या वेळी तेच पोस्ट त्याला दुसऱ्या स्लाइडपासून दाखवलं जाऊ शकतं. म्हणजे दुसरी स्लाइड हीसुद्धा दाराशीच उभी असते. मी अडचणीची गोष्ट तिथेच आणली: ‘हे पैसे पाच वर्षांसाठी आहेत. तीन वर्षांआधी खातं बंद करता येत नाही. त्यानंतर केलं, तर व्याज बचत खात्याच्या दराने.’ खाली उदाहरण एकच. छत्तीस हप्ते भरून खातं मोडलं, तर ६.७ टक्क्यांनी साधारण ३,९५० रुपये व्याज झालं असतं, चार टक्क्यांच्या बचत खात्याच्या दराने ते सव्वादोन हजारांच्या आसपास येतं. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने, हे त्याच स्लाइडच्या तळाशी टाकलं. अडल्यावर खातं मोडायच्या आधी माणसाला हे ठाऊक हवं.

संस्थेतल्या एकांनी विचारलं, ‘सुरुवातीलाच घाबरवायचं कशाला?’ माझं म्हणणं असं की हे वाचून जो परत जाईल त्याने परत जावंच. त्याला सहा महिन्यांनी पैसे लागणार असतील.

आणखी एक गोष्ट फोनवरच कळते. आपण कॅरोसेल अख्खी करतो, लोक मात्र एका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. तिथे ‘महिना १,००० = ७१,३६६’ एवढंच एकटं फिरत राहतं. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.५ वरून ६.७ झाला आणि मी काम केलं तेव्हाही तोच होता. खातं उघडतानाचा दर त्या खात्याला पाच वर्षं टिकतो, पण पुढे उघडणाऱ्याला वेगळा लागू शकतो. म्हणून आकडा असलेल्या प्रत्येक स्लाइडवर, आकड्याच्या लगेच खाली, दर आणि तारीख लिहिली. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिली असती तर कापताना पहिली तीच गेली असती.

अक्षरांचं थोडक्यात सांगतो. स्लाइड १०८० बाय १३५० पिक्सेलची, फोनवर ती तळहाताएवढी दिसते. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. ओळींमधलं अंतर वाढवायचं आणि त्यासाठी शब्द कमी करायचे, दुसरा इलाज नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू केलेली नसेल, तर ‘ि’ अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ‘व्यक्तिगत’सारख्या शब्दात ते पटकन दिसतं, म्हणून छापण्याआधी मी असे शब्द मुद्दाम शोधतो.

उरली तारखेची स्लाइड. हिच्यावर मी सगळ्यात कमी वेळ घालवला होता. खातं महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत उघडलं, तर दर महिन्याचा हप्ता पंधरापर्यंत भरायचा. सोळा किंवा नंतर उघडलं, तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. चुकला तर शंभराला एक रुपया, म्हणजे हजाराच्या हप्त्याला महिन्याला दहा रुपये दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात. मी कॅलेंडरचं एक पान काढलं, पंधरा आणि सोळाच्या मध्ये जाड रेघ मारली आणि दोन्हीकडून एकेक बाण काढला.

तयार झालेल्या स्लाइड भाचीला पुन्हा दाखवल्या. या वेळी ‘समजलं का’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. फोन काढून घेतला आणि विचारलं, ‘सांग, कधी जातेस पोस्टात?’

‘उद्या बारा तारीख आहे ना? उद्या नाही जात,’ ती म्हणाली. ‘आमचा पगार कधी दहाला होतो, कधी अठरालाही होतो. सतरा तारखेला जाते.’